पांढरी म्हैस

पहाटेचे सव्वापाच. दूध संकलन केंद्राबाहेर किटल्या आणि कॅन घेऊन लोकांची रांग लागलेली. आत एकच बल्ब, तोही मापाच्या बाजूला. टेबलाशी बसलेले सचिवकाका मोबाइलवर एकेक नोंद करत होते: सभासदाचा कोड, नाव, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. त्या ॲपची स्क्रीन मी आखली होती, म्हणून मुद्दाम बघायला गेले होते. महिन्याभरापूर्वी काकांनीच तक्रार केली होती, की पहाटे हे ॲप उघडलं की डोळ्यांवर कुणी बॅटरी मारल्यासारखं होतं आणि मान वर करून बघितलं तर समोरचा माणूस दिसत नाही. तेव्हा त्यांच्यासाठी आम्ही डार्क मोड करून आणला होता.

काकांनी ॲप उघडलं, चार नोंदी केल्या आणि थांबले. मोबाइल माझ्याकडं वळवून म्हणाले, "ताई, ही पांढरी म्हैस कुणाची हो?"

रांगेत हशा पिकला. आमच्या ॲपमध्ये म्हशीचं चित्र काळं आणि गाईचं पांढरं, काळ्या बाह्यरेषेचं होतं. डार्क मोडमध्ये म्हैस पांढरी झाली होती आणि गाय काळी. खाली दहा दिवसांच्या बिलातली कपात लाल अंकांत असायची, ती निळसर फिरोजी दिसत होती. नोंद झाल्याची हिरवी खूण गुलाबी-जांभळी. काकांचा अंगठा सवयीनं रंगाकडं बघून चालायचा, तो चुकायला लागला. म्हशीच्या दुधाचा दर गाईच्या दुधाहून बराच जास्त असतो. इथं चित्र चुकलं की पैसे चुकतात.

झालं होतं एवढंच, की माझ्या सहकाऱ्यानं दोन ओळींत सगळे रंग उलटे केले होते. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी बनतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. प्रत्येक आकडा २५५ मधून वजा केला की पांढऱ्याचं काळं होतं आणि काळ्याचं पांढरं. पण त्याच हिशेबानं आमचा लाल `#C62828` हा `#39D7D7` होतो, म्हणजे फिरोजी. जुन्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह उजेडात धरली की माणसाचे केस पांढरे आणि दात काळे दिसायचे, तशी ही स्क्रीन झाली होती. अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या दोन्ही प्रणालींनी २०१९ मध्ये संपूर्ण फोनसाठी डार्क मोड दिला, तेव्हापासून हा उलटापालटीचा मार्ग पुष्कळांनी चोखाळला आहे. परतल्यावर आम्ही तीच स्क्रीन पहिल्यापासून रंगवली.

काळा किती काळा

सुरुवात पार्श्वभूमीपासून. पहिल्या प्रयत्नात ती ठार काळी होती, `#000000`. ओएलईडी स्क्रीनवर प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो, त्यामुळं ठार काळा ठिपका म्हणजे चक्क विझलेला ठिपका. ऐकायला छान वाटतं, पण यादी वर सरकवली की विझलेल्या ठिपक्यांना पुन्हा पेटायला क्षणभर उशीर होतो आणि अक्षरांमागं जांभळट फराटा ओढल्यासारखा दिसतो.

दुसरी अडचण सावलीची होती. उजेडातल्या स्क्रीनवर प्रत्येक सभासदाची नोंद एका पांढऱ्या कार्डावर असते आणि कार्डाखालच्या पुसट सावलीमुळं ते वर उचलल्यासारखं वाटतं. काळ्यावर सावली पडणार कुठं? सगळी कार्डं पार्श्वभूमीत विरघळली होती आणि एका सभासदाचे लिटर कुठं संपतात नि दुसऱ्याचे कुठं सुरू होतात, ते कळत नव्हतं.

गुगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये यावर साधा तोडगा आहे. पार्श्वभूमी ठार काळी न ठेवता कोळशासारखी गडद राखाडी ठेवायची, `#121212`. जी गोष्ट वर असल्यासारखी दिसायला हवी, तिच्यावर पांढऱ्याचा पातळ थर द्यायचा. जितकी गोष्ट वर, तितका थर जाड. आमच्या कार्डाला पाच टक्के पांढरा मिसळला, तो झाला `#1E1E1E`. वर उघडणाऱ्या खिडकीला याहून थोडा जास्त. अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या जवळची वस्तू जास्त उजळ दिसते, तेच गणित. सावलीचं काम इथं उजळपणा करतो.

पांढऱ्याची धार

आता अक्षरं. पहिल्या प्रयत्नात ती शुभ्र पांढरी होती. वाचता येत होती, पण काकांनी नेमकी तक्रार केली: "अक्षरं पेटल्यासारखी दिसतात."

दोन रंगांमधला उजळपणाचा फरक मोजायला एक गुणोत्तर आहे. दोन्ही रंग सारखेच असतील तर ते १ येतं, आणि शुभ्र पांढरं नि ठार काळं असेल तर २१. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. वेबवरच्या सुलभतेचे जे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे, ते नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि चिन्हांना किमान ३ मागतात. आमच्या कार्डावर शुभ्र पांढऱ्या अक्षरांचा आकडा येत होता सुमारे १६.७. नियमाच्या तिप्पट-चौपट. तरीही डोळ्याला त्रास, कारण नियम सांगतो तो तळ. वर किती गेलेलं चालेल, ते तो सांगत नाही.

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. बाहुली मोठी झाली की भिंगाच्या कडेकडूनही उजेड आत शिरतो आणि प्रतिमेची धार जाते. ज्यांच्या बुबुळाचा आकार सगळीकडून सारखा गोल नसतो, म्हणजे ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर असतो, त्यांना हे जास्त जाणवतं. पावसात भिजलेल्या काचेतून रस्त्यावरचा दिवा बघावा, तशी प्रत्येक अक्षराभोवती प्रभावळ उमटते. त्यात आणखी भर म्हणजे काळ्यावरचं पांढरं मुळातच आहे त्यापेक्षा जाड दिसतं. काळ्या साडीत माणूस बारीक दिसतो, त्याचीच ही दुसरी बाजू.

देवनागरीत ही गोष्ट जास्त अवघड होते, कारण आपली अक्षरं दाट आहेत. यादीत तिसरं नाव होतं विठ्ठल. त्यातला 'ठ्ठ' म्हणजे एकावर एक बसलेली दोन वर्तुळं, आणि दोन्हींच्या पोटात मोबाइलच्या स्क्रीनवर जेमतेम दोन-तीन ठिपक्यांची मोकळी जागा. अक्षर पेटल्यासारखं झालं की ती जागा भरून जाते आणि 'ठ्ठ' चा गोळा होतो. 'कृष्णा'मधला 'ष्ण' तसाच लडबडतो. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो. इंग्रजी अक्षरांवर आखलेली मापं जशीच्या तशी घेतली की मराठी नावं अशी बिघडतात.

उपाय दोन केले. पांढरा निवळला: शंभरऐवजी सत्त्याऐंशी टक्के, म्हणजे `#E0E0E0`. कार्डावरचा कॉन्ट्रास्ट १६.७ वरून १२.६ वर आला. गाव, कोड, वेळ असला दुय्यम मजकूर साठ टक्क्यांवर आणला, `#A0A0A0`, म्हणजे ६.४. आधी तिथं उजेडातल्या स्क्रीनचाच राखाडी `#757575` राहिला होता. पांढऱ्यावर तो नियमात जेमतेम बसतो, पण गडद कार्डावर त्याचा आकडा ३.६ येत होता. म्हणजे एकाच स्क्रीनवर नाव डोळ्यांत घुसत होतं आणि शेजारचा कोड दिसत नव्हता. दुसरा उपाय अक्षराच्या वजनाचा. मुक्ता हा देवनागरी फॉन्ट अतिबारीक ते अतिठळक अशा अनेक वजनांत मिळतो. उजेडात आम्ही मध्यम वजन वापरत होतो, अंधारात एक पायरी खाली उतरून साधं वजन घेतलं. दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवल्यावर नावं सारख्याच जाडीची दिसायला लागली, आणि 'ठ्ठ' चं पोट पुन्हा उघडलं.

लाल कसा लाल राहील

रंगांना उलटं करायचं नाही हे ठरलं, पण ते जसेच्या तसे ठेवूनही चालत नव्हतं. उजेडातले रंग पांढऱ्यावर दिसावेत म्हणून निवडलेले असतात, म्हणून ते गडद असतात. कपातीचा लाल `#C62828` पांढऱ्यावर ५.६ आकडा देतो. तोच लाल `#1E1E1E` कार्डावर ठेवला की २.९७. अंक असून नसल्यासारखे. वरचा निळा पट्टा `#1565C0` तसाच, पांढऱ्यावर ५.७ आणि कार्डावर २.९.

अशा वेळी रंगाची जात तीच ठेवायची, पण त्याला उजळ आणि थोडा फिका करायचा. लाल झाला `#EF9A9A`, फिका डाळिंबी. निळा झाला `#90CAF9`, स्वच्छ आभाळाचा. भडक रंग तेवढेच भडक ठेवून नुसते उजळ केले तर ते काळ्यावर थरथरतात आणि नजर तिथंच ओढून घेतात, म्हणून फिके करणं भाग. आता लालाचा आकडा ७.७ आला आणि निळ्याचा ९.५.

याची एक किंमत मोजावी लागली. फिका लाल आणि फिका हिरवा एकमेकांच्या जवळ सरकले. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक मुळातच कमी कळतो, त्यांना तर दोन्ही सारखेच. म्हणून कपातीच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह घातलं आणि नोंद झाल्याच्या जागी नुसत्या हिरव्या गोळ्याऐवजी बरोबरची खूण केली. खरं तर हे उजेडातही असायला हवं होतं.

बटणाची गंमत वेगळीच. उजेडात 'जतन करा' हे बटण गडद निळं, त्यावर पांढरी अक्षरं. अंधारात बटण फिकं निळं झालं, तेव्हा अक्षरं काळपट करावी लागली. बटणापुरता उजेड-अंधार उलटला. इथं सहकारी अडखळला, कारण त्याच्या फाइलमध्ये रंगांची नावं `white`, `blue` अशी होती. कार्डासाठी त्यानं `white` ची किंमत गडद राखाडी केली, आणि पांढरा म्हणून जिथं जिथं तो वापरला होता, तिथं तिथं गडद राखाडी उमटला. अँड्रॉइडमध्ये रात्रीच्या रंगांचा वेगळा फोल्डर असतो, तिथं नाव तेच ठेवून किंमत बदलायची असते. म्हणून नाव रंगाचं नको, कामाचं हवं:

```xml
<!-- values/colors.xml -->
<color name="card">#FFFFFF</color>
<color name="text_main">#212121</color>
<color name="deduction">#C62828</color>

<!-- values-night/colors.xml -->
<color name="card">#1E1E1E</color>
<color name="text_main">#E0E0E0</color>
<color name="deduction">#EF9A9A</color>
```

कार्ड, मुख्य मजकूर, कपात. फोन डार्क मोडमध्ये गेला की अँड्रॉइड आपणहून दुसरी यादी वाचतं. बाकीच्या कोडला काही पत्ता लागत नाही.

गोठ्यातली चित्रं

चिन्हांची आम्ही तीन गटांत वाटणी केली. मागे जाण्याचा बाण, प्रिंटर, वजनकाटा ही एकरंगी चिन्हं. त्यांना स्वतःचा रंग नसतोच, मजकुराचाच रंग त्यांना लावला की काम झालं.

दुसरा गट जनावरांचा. इथं चित्राचा रंग हीच माहिती आहे, तो बदलता येत नाही. पण काळी म्हैस काळ्या कार्डावर काढली तर दिसणार काय? पहिला विचार आला, तिच्यामागं एक फिकं वर्तुळ ठेवू. ठेवलं, आणि यादीभर वीस-पंचवीस उजळ ठिपके चांदण्यांसारखे चमकायला लागले. काकांची मूळ तक्रार नेमकी याच उजेडाची होती. शेवटी म्हशीचं अंग राखाडी केलं, `#6E6E6E`, ज्याचा कार्डावरचा कॉन्ट्रास्ट ३.३, म्हणजे चिन्हांच्या नियमात बसणारा. वर मागं वळलेल्या शिंगांची रेघ निवळलेल्या पांढऱ्यात काढली. गाईचं अंग तेच निवळलेलं पांढरं, शिंगं आखूड. आता रंग क्षणभर फसला तरी शिंगांवरून जनावर ओळखू येतं. पहाटेच्या अंधुक उजेडात गोठ्यात उभी म्हैस राखाडीच दिसते, हे नंतर लक्षात आलं. ही चित्रं `drawable-night` या फोल्डरमध्ये वेगळी ठेवली.

तिसरा गट हात न लावण्याचा. संस्थेचं बोधचिन्ह गडद निळ्या अक्षरांचं होतं, मागची बाजू पारदर्शक. गडद पट्ट्यावर ते गडप झालं. बोधचिन्ह आपल्या मनानं रंगवता येत नाही, म्हणून त्यालाच तेवढी फिकी चौकट दिली. पशुखाद्याचे पैसे भरायचा क्यूआर कोडही तसाच. तो उलटा केला, म्हणजे काळ्यावर पांढरे चौकोन ठेवले, तर काही स्कॅनर तो वाचतच नाहीत. त्याच्या चारही बाजूंना त्याच्याच चार चौकोनांएवढी कोरी पांढरी पट्टीही लागते. ती कापली आणि गडद कार्ड थेट कोडला भिडवलं, तर बरोबर छापलेला कोडही अडतो. म्हणून तेवढा तुकडा डार्क मोडमध्येही पांढराच.

केंद्रातली परीक्षा

ऑफिसात, ट्यूबलाइटखाली, महागड्या फोनवर सगळं उत्तम दिसत होतं. पुन्हा पहाटे केंद्रात गेलो तेव्हा तीन गोष्टी निघाल्या.

ॲप उघडताना सुरुवातीला क्षणभर पांढरी स्क्रीन यायची आणि मग काळी. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो लखकन पडलेला उजेड आधीच्या पांढऱ्या स्क्रीनपेक्षाही जास्त टोचतो. ॲप सुरू होण्याआधीच्या त्या कोऱ्या स्क्रीनचा रंग वेगळ्या जागी ठरतो, आणि तो बदलायचा राहून गेला होता.

दुसरं, काकांचा फोन स्वस्तातला, एलसीडी स्क्रीनचा. त्याचा उजेड अगदी कमी केला की `#121212` आणि `#1E1E1E` एकच दिसत होते, कार्डं पुन्हा विरघळली. त्या दोन रंगांचा कॉन्ट्रास्ट जेमतेम १.१ आहे, चांगल्या स्क्रीनवरच तो कळतो. प्रत्येक कार्डाखाली थोडी उजळ, केसाएवढी रेघ घातली आणि प्रश्न सुटला.

एलसीडीवरून आणखी एक गोष्ट. डार्क मोडनं बॅटरी वाचते असं सगळेच सांगतात. एलसीडीत मागचा दिवा स्क्रीन काळी असली तरी जळतच असतो, त्यामुळं तिथं फारसं काही वाचत नाही. ओएलईडीतही फरक पडतो तो स्क्रीनच्या उजेडावर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजून दाखवलं, की उजेड पूर्ण ठेवला तर डार्क मोडनं सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचते, पण उजेड ३० ते ५० टक्क्यांवर असेल, जसा तो एरवी असतो, तर वाचतात फक्त ३ ते ९ टक्के. काकांना मी बॅटरीचं आमिष दाखवलं नाही.

तिसरी गोष्ट संध्याकाळच्या पाळीला कळली. केंद्राचं दार पश्चिमेला, उन्हाळ्यात साडेपाचला ऊन थेट टेबलावर येतं. डार्क स्क्रीनवर काकांना स्वतःचा चेहरा आणि मागचं दार दिसत होतं, लिटर दिसत नव्हते. काचेवर पडलेला उजेड काळ्या रंगात मिसळतो आणि काळा काळा राहत नाही, त्यामुळं आमचे कागदावरचे सगळे आकडे उन्हात कोसळतात. शिवाय भरपूर उजेडात बाहुली बारीक असते, आणि तेव्हा पांढऱ्यावरचं काळं अक्षरच जास्त रेखीव दिसतं. म्हणून सेटिंगमध्ये तीन पर्याय ठेवले: उजळ, गडद, आणि फोन ठरवेल तसं.

काकांनी तिसरा पर्याय घेतला आणि फोनला संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी डार्क मोडची वेळ लावून घेतली. पुढच्या खेपेला पहाटे गेले तेव्हा त्यांनी वीसेक नोंदी केल्या आणि म्हशीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचा अंगठा रंग बघून चालत होता, आणि नजर रांगेतल्या माणसाकडं होती.